‘फक्त’ हा शब्द आधी वाचा

एनडीएच्या जीएटी पेपरात विधाने देऊन ‘यांपैकी कोणती बरोबर?’ असे विचारतात आणि उत्तर संकेताने द्यायचे असते. सरावासाठी मी जयपूरवरच एक प्रश्न केला.

१. येथील जंतरमंतर सवाई जयसिंहांनी बांधले.
२. जयपूर शहर २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आले.
३. आमेरचा किल्ला त्या यादीत नाही.

(अ) फक्त १ (ब) फक्त १ आणि २ (क) फक्त २ आणि ३ (ड) १, २ आणि ३

माझ्या वर्गमित्राने पहिले विधान बरोबर दिसताच (अ) लिहिले. पण ‘फक्त १’ म्हणजे २ आणि ३ चूक, असाही दावा झाला! म्हणून आधी प्रत्येक विधानासमोर बरोबर-चूक खूण करावी, संकेत नंतर पाहावा.

आमेर २०१३ मध्येच राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर यादीत आला. म्हणजे ३ चूक. (क), (ड) बाद. उरलेल्या दोन्हींत १ आहेच, त्यावर वेळ घालवू नये. निकाल २ वर. तेही बरोबर, म्हणून (ब).

२ आठवलेच नाही तर? बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १.३३ वजा. दोनच पर्याय उरले असतील तर मी एक निवडतो. चारही उरले तर प्रश्न सोडतो.