‘सिली मिस्टेक’साठी वर्ष घालवू नका

निकाल लागले की तोच प्रश्न घेऊन पालक येतात. "त्याला सगळं येतं हो, फक्त सिली मिस्टेक होतात. मग आता रिपीटर बॅच लावावी की क्रॅश कोर्स?" मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. उत्तर पालकांनी आधीच ठरवलेलं असतं, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी सहसा देत नाही. आधी उत्तरपत्रिका आणि कच्चं काम दाखवा म्हणतो. कच्चं काम बहुतेकांनी फेकून दिलेलं असतं, आणि नेमका मुद्दा त्यातच असतो.

वाटा सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून एका दमात सांगतो. इंजिनिअरिंगसाठी सीईटी किंवा जेईई, मेडिकलसाठी नीट, आणि यातलं काही नको असेल तर बी.एस्सी. यातल्या प्रत्येक वाटेवर फिजिक्स आहेच. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिलाच धडा एकके आणि मापनाचा असतो. त्यात मितीय विश्लेषण शिकवतात, चाचणीत त्यावर प्रश्न येतो आणि मग मुलं तो धडा कायमचा मिटतात. बारावीत तरंग आले की त्याची सर्वांत जास्त गरज असते, आणि तेव्हा हातात असते ती क्लासने दिलेली सूत्रांची पुस्तिका. माझं म्हणणं एवढंच की हरवलेल्या गुणांचा एक मोठा हिस्सा त्या मिटलेल्या धड्यातून परत मिळतो, आणि त्याला फी लागत नाही.

नियम साधा आहे. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंची मिती सारखीच हवी. ज्यांची बेरीज किंवा वजाबाकी करायची त्यांचीही सारखीच हवी. यात मुलांची एक अडचण होते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तरंगांच्या धड्यात T म्हणजे ताण, T म्हणजेच आवर्तकाल आणि मितीतल्या वेळेचं चिन्हही T. m म्हणजे तारेची रेषीय घनता आणि मीटरही m. या गर्दीत मूल तपासणीच सोडून देतं. माझा उपाय असा : कच्च्या कामात मितीची चिन्हं लिहूच नका, एककं मराठीत लिहा. किग्रॅ, मी, से. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनीही. सूत्राच्या अक्षरांशी मग गल्लत होत नाही.

आता एक गणित पूर्ण पाहू. सोनोमीटरची तार ०.५ मीटर लांब आहे, तिचं एकूण वस्तुमान २ ग्रॅम आणि ताण ४० न्यूटन. मूळ वारंवारता किती? सूत्र आहे n = (1/2l)√(T/m), आणि यातला m म्हणजे एक मीटर तारेचं वस्तुमान. न्यूटन म्हणजे किग्रॅ·मी/से². त्याला किग्रॅ/मी ने भागलं की मी²/से² उरतं. वर्गमूळ घेतलं की मी/से, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या तरंगाचा वेग. त्याला लांबीने भागलं की १/से. वारंवारता याच एककात असते. म्हणजे पाठ केलेलं सूत्र तरी उलटसुलट झालेलं नाही. कोणी √(m/T) लिहिलं असतं तर वेग से/मी मध्ये आला असता आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

पण आपल्याला m दिलेला नाही, एकूण वस्तुमान M दिलंय. m = M/l ठेवलं की n = (1/2l)√(Tl/M). आता बाहेरचा l मुळाच्या आत न्यायचा. हमखास घसरतात ते इथे. घाईत l आत जातो, पण त्याचा वर्ग करायचा राहतो. मग कागदावर हे येतं : n = ½√(Tl/Ml). वरचा आणि खालचा l कापला जातो, n = ½√(T/M) उरतं, आणि मूल आकडे घालून मोकळं होतं. उत्तर येतं ७०.७ हर्ट्झ. दिसायला ते अगदी ठाकठीक आहे. तारेचा सूर तेवढा असू शकतो, आणि प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असेल तर पर्यायांत ७०.७ बसलेलाच असतो. नीट आणि जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नांत चार गुण जातात आणि वर एक कापला जातो. सीईटीत उणे गुण नाहीत, तरी प्रश्न गेला तो गेलाच.

मिती तपासली तर? T/M म्हणजे मी/से². त्याचं वर्गमूळ घेतलं की मीटरचा अर्धा घात उरतो. वारंवारतेत मीटर अजिबात नसतो, इथे तर तो अर्धा शिल्लक राहिलाय. हा अर्धा घात चांगला पहारेकरी आहे. तरंगांच्या सूत्रांत तो शेवटच्या ओळीत दिसला, की मुळाच्या आतबाहेर करताना काहीतरी राहिलं असा पहिला संशय घ्यावा.

चूक आहे हे कळलं, आता ती कुठल्या ओळीत आहे? बहुतेक मुलं सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात आणि पुन्हा तिथेच घसरतात. त्याऐवजी मधली ओळ तपासा. (1/2l)√(Tl/M) मध्ये Tl/M म्हणजे मी²/से², मूळ मी/से, भागिले मीटर, म्हणजे १/से. ही ओळ मितीत बसते. पुढची बसत नाही. म्हणजे गडबड या दोन ओळींच्या मध्येच आहे, बाकी कागदाकडे बघायची गरज नाही. l आत जाताना l² व्हायला हवा होता. दुरुस्त केलं की n = ½√(T/Ml). ०.००२ गुणिले ०.५ म्हणजे ०.००१. ४० भागिले ०.००१ म्हणजे ४०,०००, मूळ २००, निम्मे १०० हर्ट्झ.

हे जमलं ते अक्षरं शेवटपर्यंत ठेवली म्हणून. पहिल्याच ओळीत आकडे घातले असते तर ०.५ ही लांबी होती की सूत्रातला अर्धा, हे दोन ओळींनंतर सांगता आलं नसतं. ‘लवकर आकडे घाल, वेळ वाचतो’ अशी ट्रिक शिकवणाऱ्या बॅचबद्दल माझं मत यापेक्षा वेगळं सांगायला नको.

दुसरी जागा प्रगामी तरंगाच्या समीकरणाची. y = A sin(kx − ωt) यात साइनच्या कंसातल्या गोष्टीला एकक असूच शकत नाही. म्हणून k हा १/मी आणि ω हा १/से. कोणी sin(x − vt) लिहिलं तर कंसात मीटर उरतो, म्हणजे k गाळला. y = 0.02 sin(4x − 200t) असं एसआय एककांत दिलं असेल तर ४ हे प्रतिमीटर आहे आणि २०० प्रतिसेकंद. तरंगाचा वेग हवा तर २०० ला ४ ने भागायचं, ५० मी/से. उलट भागलं तर से/मी येईल. कणाचा वेग काढताना अवकलन करतात, तिथे ω बाहेर यायचा विसरला तर उत्तर नुसत्या मीटरमध्ये राहतं. मीटर हा वेग नव्हे, एवढं दिसलं की ω परत येतो आणि कणाचा कमाल वेग Aω, म्हणजे ४ मी/से मिळतो.

आता या पद्धतीला काय जमत नाही तेही ऐका, नाहीतर उद्या हीच नवी ट्रिक म्हणून विकली जाईल. वरच्याच गणितात ५० आणि ४ दोन्ही मी/से आहेत. प्रश्नात तरंगाचा वेग विचारलाय की कणाचा, हे मिती सांगणार नाही. 1/2l ऐवजी 1/l लिहिलं तरी ती गप्प बसेल, कारण २ या आकड्याला मिती नाही. डॉप्लरच्या सूत्रात अधिक-उणे उलटं झालं तरी गप्पच. या बाबतीत न्यूटनसुद्धा सुटला नाही. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने मांडलेल्या विचारातून ध्वनीच्या वेगाचं √(P/ρ) हे सूत्र निघतं. मितीच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. पण शून्य अंश सेल्सिअसच्या हवेसाठी त्यातून साधारण २८० मी/से येतात आणि प्रत्यक्षात वेग सुमारे ३३२ असतो. ध्वनी जाताना हवा दाबली जाते तेव्हा ती तापते, आणि ती उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही. हे लाप्लासने १८१६ मध्ये दाखवलं आणि मुळाच्या आत γ घातला. हवेसाठी तो १.४ आहे आणि त्याला एकक नाही. म्हणून मितीवर विसंबून तो कधीच सापडला नसता. मिती जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. जुळली तर फक्त एक चाळणी पार पडली, एवढंच समजायचं.

पालकांना स्पष्टच सांगतो. ‘लक्ष देऊन सोडव’ हे वाक्य बंद करा. लक्ष कुठे द्यायचं ते त्यात नाही, फक्त धाक आहे, आणि धाक बसला की मुलं घाई करतात आणि तपासणीच गाळतात. त्यापेक्षा शेवटच्या चार-पाच चाचण्यांतल्या फिजिक्सच्या चुका घ्या आणि मुलालाच त्यांचे तीन गठ्ठे करायला सांगा. मिती तपासली असती तर पकडल्या गेल्या असत्या अशा पहिल्या गठ्ठ्यात. चिन्ह, दुप्पट-निमपट, प्रश्न नीट न वाचणं अशा दुसऱ्यात. मुळात सूत्र कुठलं लावायचं हेच कळलं नव्हतं अशा तिसऱ्यात. तुम्ही मध्ये बोलू नका.

पहिला गठ्ठा मोठा निघाला तर रिपीटर बॅचची फी भरू नका. रोजच्या सरावात शेवटच्या ओळीखाली एकक काढायची सवय महिनाभर लावा, मग पुन्हा चाचणी द्या. दुसरा मोठा असेल तर सोडवलेली गणितं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावा, त्यालाही वर्ष लागत नाही. तिसरा मोठा असेल तर शिकवण्यात किंवा समजण्यात खड्डा आहे आणि तिथे चांगल्या शिक्षकाचे पैसे सार्थकी लागतील. आणि या गठ्ठ्यांसमोर बसून मूल म्हणालं की मला हा विषयच नको, तर ते निकालाच्या दिवसापेक्षा गंभीरपणे ऐका, कारण त्यावर कुठल्याही बॅचमध्ये उपाय मिळत नाही.