‘हो सर, नक्की’ यानंतरचा ईमेल

नोकरीचा होकार आता बऱ्याचदा व्हॉट्सॲपवरच दिला जातो. प्रस्तुत लेखकानेही पुण्यातल्या एका कंपनीला तो तसाच दिला होता. ‘सहा लाख फायनल. एक तारखेला याल ना?’ ‘हो सर, नक्की.’ एवढ्यावर जुन्या नोकरीचा राजीनामा गेला, आणि ऑफर लेटर हातात पडले ते रुजू होण्याच्या दिवशी.

सहा लाख हा सीटीसी निघाला. त्यातले 60,000 वर्षाअखेरच्या कामगिरीवर अवलंबून होते. उरले महिन्याचे 45,000. मूळ पगार 22,500 असल्याने त्याच्या 12 टक्के, म्हणजे 2,700 रुपये कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि सुमारे 1,080 रुपये ग्रॅच्युइटीची तरतूद याच रकमेत धरलेली होती. कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ आणि 200 रुपये व्यवसाय कर कापून हाती आले साधारण 38,300. मनात धरलेला आकडा 50,000 होता.

चॅटला कायद्याने किंमत नसते, असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा आहे म्हणून करार अवैध ठरत नाही. अडचण वेगळी असते : होकार लेखी असतो, पण कशाला होकार दिला ते लिहिलेले नसते.

म्हणून शंका आधी विचाराव्यात, होकाराचा ईमेल नंतर पाठवावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. ‘मंजूर आहे, पण घरून काम हवे’ असे लिहिले तर तो स्वीकार राहत नाही, उलट प्रस्ताव होतो. सहा लाखांत निश्चित पगार किती, पीएफ त्यातच आहे का, प्रोबेशन आणि नोटीस किती, बॉन्ड आहे का, हे चॅटवर विचारून उत्तर मिळवावे. मग ईमेल वैयक्तिक पत्त्यावरून एचआरच्या कार्यालयीन पत्त्यावर जावा. जुन्या कंपनीचा पत्ता वापरू नये, तो राजीनाम्यानंतर बंद होतो. मजकूर असा चालेल :

‘आजच्या व्हॉट्सॲप संभाषणानुसार अमुक पदाचा प्रस्ताव मी स्वीकारत आहे. वार्षिक सीटीसी 6,00,000 रुपये. पैकी निश्चित 5,40,000, कामगिरीनुसार 60,000. कंपनीचा पीएफ व ग्रॅच्युइटी निश्चित रकमेत समाविष्ट. प्रोबेशन सहा महिने, नोटीस दोन महिने, बॉन्ड नाही. रुजू होण्याची तारीख 1 जुलै. हे बरोबर असल्याचे कळवावे व ऑफर लेटर पाठवावे.’

तारीख लिहिण्यापूर्वी जुन्या नोकरीतला नोटीसचा काळ कॅलेंडरवर मोजावा. 60 दिवस राजीनामा दिल्यापासून धरतात की तो मंजूर झाल्यापासून, हे नेमणूकपत्रात पाहावे. या फरकाने आठवडा सहज जातो.

ईमेलला उत्तर येईपर्यंत राजीनामा देऊ नये. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच ईमेलखाली पुन्हा विचारावे. एचआरने फोन करून ‘सगळं ठीक आहे’ म्हटले, तर ‘आताच्या फोनवर आपण होकार दिलात’ अशी एक ओळ त्याच धाग्यात लिहून पाठवावी.