यशोगाथेचा कच्चा मसुदा नीट कसा बांधायचा?

मैत्रिणींनो, यशोगाथा लिहायला बसलं की आपला हात आपोआप "परिस्थिती अत्यंत हलाखीची होती" इथून सुरू होतो आणि "इतर महिलांना प्रेरणा मिळत आहे" इथे थांबतो. मधे जे खरं घडलं ते राहूनच जातं. या वेळी आपल्याकडे आलेला एक मसुदा घेऊन तो कसा बदलला ते सांगते. ताईंनी परवानगी दिली आहे, पण कर्जाचे आकडे असल्यामुळे त्यांचं नाव आणि गाव देत नाही.

मसुदा असा होता:

"आमच्या समूहातील ताईंची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. समूहात आल्यावर त्यांनी कर्ज घेऊन शेळीपालन सुरू केले. त्यांना अनेक अडचणी आल्या, पण जिद्द व चिकाटीच्या जोरावर त्यांनी मात केली. पशुसखीने वेळोवेळी मार्गदर्शन केले. आज त्या वर्षाला सत्तर हजार रुपये कमावतात व स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. त्यांना पाहून इतर महिलांनाही प्रेरणा मिळत आहे."

यात खोटं लिहायचा कुणाचा हेतू नाही. पण आता विचार करा, हे वाचून दुसऱ्या गावातली एखादी बाई वीस हजारांचं कर्ज मागायला समूहाच्या बैठकीत उभी राहिली, तर तिला यातून काय कळलं? किती शेळ्या घेतल्या, हप्ता कुठून भरला, पैसे कोणत्या महिन्यात आले, काहीच नाही. कळलं ते एवढंच, की शेळ्या घेतल्या की सत्तर हजार मिळतात. ती त्याच भरवशावर सही करणार.

म्हणून मसुद्याचे चार भाग करायचे: परिस्थिती, अडचण, कृती आणि परिणाम. मात्र आहे ती वाक्यं उचलून चार मथळ्यांखाली ठेवली म्हणजे काम झालं असं नाही. वरच्या मसुद्याचं तसं करून पाहिलं तर अडचणीखाली "अनेक अडचणी आल्या" आणि कृतीखाली "जिद्द व चिकाटी" एवढंच येतं. मथळे आपल्याला रिकाम्या जागा दाखवतात. त्या भरायला पुन्हा त्या घरी जावं लागतं.

सुरुवात शेवटाकडून करा. आधी परिणामाचा आकडा तपासायचा, कारण तोच सगळे वाचतात. ताईंना विचारलं, "सत्तर हजार कसे झाले?" त्यांनी बोटावर मोजून सांगितलं, बोकड विकले त्याचे पस्तीस आणि सोयाबीनचे पस्तीस. म्हणजे निम्मे पैसे शेळ्यांचे नव्हतेच. राहिलेले 35,000 सुद्धा विक्रीचे, कमाईचे नव्हेत. पाच बोकड, सरासरी 7,000 रुपयांनी.

मग वहीतून खर्च काढला. मक्याचा भरडा आणि पेंड 7,500. जंताचं औषध आणि लस 600. बाजारात नेण्याचं भाडं आणि बाजाराची पावती 900. कर्जाचं व्याज 1,300. एकूण 10,300. पस्तीस हजारांतून हे वजा केलं की 24,700 उरतात. मसुद्यातल्या सत्तर हजारांचा खरा आकडा हा. आणि खरं सांगू का, पाच शेळ्यांवर पहिल्या वर्षी एवढे उरले हे काही कमी नाही. सत्तर हजारांपुढे ते उगाच बारीक दिसतात, एवढंच.

यात एक गोष्ट नेहमी चुकते. कर्जाची मुद्दल खर्चात धरायची नाही, कारण त्या पैशाच्या शेळ्या आणि मचाण गोठ्यात उभं आहे. व्याज मात्र खर्चच. पण मुद्दल खर्च नसली तरी ती दर महिन्याला हातातून जातेच, म्हणून हप्त्याची माहिती वेगळी लिहावी लागते. ताईंनी समूहाकडून 20,000 घेतले होते, शेकडा एक रुपया महिना व्याजाने, बारा हप्त्यांत. व्याज शिल्लक मुद्दलीवर, म्हणून पहिला हप्ता 1,667 अधिक 200, असा 1,867 रुपयांचा होता. पुढे व्याज कमी होत गेलं आणि वर्षाचं मिळून 1,300 झालं.

आता बोकड विकले मे महिन्यात, ईदेच्या आधी भाव चांगला म्हणून. हप्ते सुरू झाले आदल्या जूनपासून. मग अकरा महिने हप्ता आला कुठून? हा प्रश्न मसुदा लिहिणाऱ्या ताईंनी विचारलाच नव्हता. उत्तर मिळालं, "मजुरीतून भरला, आणि दिवाळीनंतर सोयाबीनच्या पैशातून." माझ्या मते ही या यशोगाथेतली सगळ्यात उपयोगी ओळ आहे. जिच्या घरी दुसरी आवक नाही, तिने हे वाचून हप्त्यांची रचना वेगळी मागावी किंवा एकच शेळी घ्यावी.

परिणाम पक्का झाला की मागे परिस्थितीकडे यायचं. नियम एकच: परिणामात जे मोजलं तेच परिस्थितीत मोजलेलं हवं, आणि तेवढ्याच काळाचं. "आधी मजुरीवर गुजराण, आता विक्री 35,000" ही तुलना होत नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंना जून ते मे अशी दोन वर्षं विचारली. आदल्या वर्षी तीन शेळ्या होत्या. पाच करडं झाली, तीन मेली, दोन विकली, 10,000 आले. नंतरच्या वर्षी पाच शेळ्या, आठ करडं, एक मेलं, पाच बोकड विकले, दोन पाठी घरी ठेवल्या.

बघा, इथेच अडचण आपोआप सापडली. मसुद्यात "शेळीपालन सुरू केले" असं होतं, पण शेळ्या तर आधीपासून होत्या! अडचण शेळ्या नसण्याची नव्हती, करडं मरण्याची होती. कधी मेली विचारलं तर तिन्ही ऑगस्टमध्ये, जन्मून महिना व्हायच्या आत. गोठ्याची जमीन मातीची, पावसात ओली राहायची, करडं खोकायची, हगवण लागायची. अडचण अशी लिहावी, की वाचणारीला आपला गोठा आठवला पाहिजे. "अनेक अडचणी" मध्ये कुणालाच काही आठवत नाही.

अडचण बरोबर सापडली की नाही, हे कळायची एक खूण आहे. कृती वाचताना प्रत्येक गोष्ट त्या अडचणीला उत्तर देते का ते बघा. ताईंनी मे महिन्यात 4,000 रुपयांत बांबूच्या पट्ट्यांचं दोन फूट उंच मचाण केलं, पट्ट्यांत फट ठेवली म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडतं. पावसाआधी पशुसखीकडून जंताचं औषध दिलं, आंत्रविषाराची लस टोचून घेतली. करडू जन्मलं की तासाभरात त्याला चीक पाजला. पूर्वी चार जुन्या बायकांच्या सांगण्यावरून चीक पिळून टाकायच्या! या सगळ्या गोष्टी करडं वाचवायच्या. ताई घरकुलासाठी दोनदा तालुक्याला गेल्या, हेही मसुदा लिहिणाऱ्या ताईंनी नंतर सांगितलं. गोष्ट चांगली, पण ती या यशोगाथेत बसत नाही. वेगळी लिहू.

कृतीत क्रियापदाला करणारी हवी. "मार्गदर्शन करण्यात आले" असं लिहिलं की कोणी काय केलं ते पुसून जातं. लस पशुसखीने टोचली, मचाण ताई आणि त्यांच्या दिरांनी बांधलं, असं सरळ लिहा.

आता ठळक आकड्यांविषयी. काही जणी प्रत्येक आकडा ठळक करतात, मग कुठलाच ठळक राहत नाही. चौकटीत तीन-चारच घ्यायचे, आणि प्रत्येकाबरोबर काळ किंवा जोडीचा आकडा हवा. आदल्या वर्षीचा खर्च ताईंनी लिहून ठेवला नव्हता, म्हणून नफ्याची तुलना आपण दिली नाही, अंदाजानेही नाही. टक्केही टाळले. "करडांचे मृत्यू इतके टक्के घटले" यापेक्षा "आठपैकी एक" लगेच समजतं, आणि एवढ्या थोड्या करडांवर टक्के काढणं शोभतही नाही. त्याच कारणाने "मचाणामुळे करडं वाचली" असंही लिहिलं नाही. मचाण, लस, औषध, चीक सगळं एकाच वर्षी झालं. कशाने किती फरक पडला ते एका गोठ्यावरून सांगता येत नाही.

शेवटी छापायला गेलेला मजकूर हा:

परिस्थिती: ताईंकडे दीड एकर कोरडवाहू सोयाबीन आणि तीन शेळ्या. जून 2023 ते मे 2024 या वर्षात पाच करडं झाली, त्यातली दोनच विकता आली. विक्री 10,000 रुपये.

अडचण: तीन करडं ऑगस्टमध्ये महिन्याच्या आत दगावली. गोठ्याची जमीन पावसाळाभर ओली राहत होती. लस आणि जंताचं औषध दिलं जात नव्हतं.

कृती: मे 2024 मध्ये समूहाकडून 20,000 रुपये कर्ज. 16,000 च्या दोन गाभण शेळ्या, 4,000 चं बांबूचं मचाण. पावसाआधी पशुसखीने जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस दिली. प्रत्येक करडाला तासाभरात चीक पाजला. बारा हप्ते मजुरी आणि सोयाबीनच्या पैशातून वेळेवर भरले.

परिणाम: जून 2024 ते मे 2025 मध्ये आठ करडांपैकी सात जगली. पाच बोकड ईदेआधी विकले, दोन पाठी ठेवल्या. कर्ज फिटलं.

चौकटीतले आकडे:
करडं दगावली: आधी 5 पैकी 3, नंतर 8 पैकी 1
वर्षाची विक्री: 10,000 वरून 35,000 रुपये
खर्च आणि व्याज वजा जाता उरले: 24,700 रुपये
कर्ज 20,000, पहिला हप्ता 1,867, विक्री बाराव्या महिन्यात

छापण्याआधी हे ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: मचाणाचा बांबू शेजारच्यांनी अर्ध्या किमतीत दिला होता, विकत घेतला तर 4,000 मध्ये होणार नाही. तेवढी ओळ कृतीत वाढवली आहे. तुम्ही मसुदा पाठवाल तेव्हा खर्चाच्या वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडा, आणि वही नसेल तर ताईंनी तोंडी सांगितलेला आकडा कोणता, तेही त्याच्या शेजारी लिहा.