🍅 टोमॅटो: मोबाईलच्या फोटोवरून करपा ओळखताना

ढगाळ हवामान सुरू झाल्यापासून गटातले बरेच जण पानाचा फोटो ॲपमध्ये टाकतात, येईल ते नाव घेऊन दुकानात जातात आणि औषध आणतात. ॲप वापरायला हरकत नाही, मीही वापरतो. पण त्याचं उत्तर कसं तयार होतं ते आधी समजून घ्या.

ॲपला रोग कळत नाही, फोटो कळतो. रोगाचं नाव लिहिलेले हजारो फोटो त्याला दाखवलेले असतात. तुमचा फोटो त्यातल्या कुठल्या नावाच्या फोटोंशी जास्त जुळतो, एवढंच ते सांगतं. 2016 साली यावरचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 14 पिकांच्या पानांचे 54,306 फोटो होते आणि मॉडेलने 99 टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर दिली. पण ती पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर एकेक ठेवून काढलेली होती. त्याच मॉडेलला दुसरीकडून जमवलेले फोटो दिले, तेव्हा बरोबर उत्तरं 31 टक्क्यांच्या आसपास आली. आताच्या ॲपना शेतातले फोटोही शिकवतात, त्यामुळे ती सुधारली आहेत. तरी माती, सावली, शेजारचं तण आणि पानावरची औषधाची पांढरी भुकटी यांनी ती अजूनही गोंधळतात.

*आता एक उदाहरण घेऊ.* समजा टोमॅटो फुलोऱ्यात आहे, तीन दिवस रिमझिम चालू आहे. पानावर तपकिरी डाग दिसले, फोटो टाकला, उत्तर आलं: "लवकर येणारा करपा, 87 टक्के". हे 87 टक्के म्हणजे 100 पैकी 87 वेळा खरं ठरेल असं नव्हे. ॲपच्या यादीतल्या नावांमध्ये या नावाला सर्वांत जास्त गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. यादीत नसलेलं कारण ते सांगूच शकत नाही. तणनाशकाचा वारा लागून पान वाकडं झालं असेल, तरी काही ॲप रोगाचंच नाव देतात.

इथे खरी अडचण उशिरा येणाऱ्या करप्याची आहे. (नावावर जाऊ नका, तो रोपवाटिकेतही येतो.) सुरुवातीचे डाग फोटोत दोन्हीचे सारखेच दिसू शकतात, औषधं मात्र वेगळी आहेत. डायफेनकोनॅझोल लवकर येणाऱ्या करप्यावर चालतं, उशिरा येणाऱ्यावर नाही. त्याची बुरशी वेगळ्या कुळातली आहे. थंड, ओलसर हवेत हा रोग आठवड्याभरात प्लॉट बसवतो. म्हणजे चुकीच्या फवारणीत पैसे तर जातातच, हातातले चार दिवसही जातात.

म्हणून उत्तर काहीही येवो, *पान उलटून बघा.* सकाळी दव असताना डागाच्या कडेला खालच्या बाजूने पांढरी, विरळ बुरशी दिसली तर उशिरा येणारा करपा समजा. त्याचे डाग पाण्यात भिजल्यासारखे असतात, कोवळ्या शेंड्यावर आणि खोडावरही येतात. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांपासून वर चढतो, आणि डागात एकात एक गोल कडी दिसतात.

बुरशी दिसत नसेल आणि शंका असेल तर डाग असलेली दोन-तीन पानं ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर घरात सावलीत ठेवा. उशिरा येणारा करपा असेल तर बहुतेक वेळा सकाळपर्यंत खालच्या बाजूला पांढरं दिसायला लागतं. ही एक रात्र थांबणं चुकीच्या फवारणीपेक्षा स्वस्त पडतं. आभाळ भरलेलं असेल आणि शेंडे काळे पडत असतील तर मात्र थांबू नका, लगेच ऑफिसला फोन करा.

*फोटो काढताना:* पूर्ण करपलेलं पान घेऊ नका, त्यावर नंतर दुसऱ्याच बुरशी वाढतात. ताजा, अर्धवट वाढलेला डाग घ्या. फवारणीआधी काढा. दुपारचं ऊन टाळा, किंवा स्वतःची सावली पूर्ण पानावर पडेल असे उभे राहा. लेन्स आधी शर्टाला पुसा (आपल्या फोनवर मातीचा हात असतोच). मोबाईल वीतभर अंतरावर धरा, डागावर बोट टेकवून फोकस करा. एकाच पानावर भरवसा नको. चार-पाच वेगवेगळ्या झाडांचे फोटो टाका. दर वेळी नाव बदलत असेल तर ॲपला कळलेलं नाही असं समजा.

आम्हाला पाठवताना तीन फोटो हवेत: डाग जवळून, तेच पान खालून, आणि पूर्ण झाड. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि बुरशी दिसेनाशी होते, म्हणून "डॉक्युमेंट" मधून पाठवा. सोबत लागवडीची तारीख, मागची फवारणी काय व कधी केली, आणि डाग आधी खाली दिसले की शेंड्याला, हे लिहा.