बुशेल ते किलोग्रॅम : गव्हाच्या दरपत्रकाचे गणित

अमेरिकी गव्हाच्या दरपत्रकात परिमाण बहुधा बुशेलमध्ये दिलेले असते. बुशेल हे मुळात आपल्या पायलीसारखे आकारमानाचे माप. व्यापारात मात्र प्रत्येक धान्यासाठी त्याचे वजन ठरवून दिलेले आहे. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, अर्थात २७.२१५५ किलोग्रॅम.

समजा, ५,००० बुशेल गव्हाचा दर प्रतिबुशेल ६०० सेंट असा नोंदविला आहे. ५,००० ला २७.२१५५ ने गुणल्यास सुमारे १,३६,०७८ किलोग्रॅम, म्हणजेच १३६.०८ मेट्रिक टन होतात. ६०० सेंट म्हणजे ६ डॉलर. म्हणून एकूण किंमत ३०,००० डॉलर आणि प्रतिटन दर सुमारे २२०.४६ डॉलर येतो.

येथे एक चूक संभवते. मक्याचा बुशेल ५६ पौंडांचा, म्हणजे २५.४०१२ किलोग्रॅमचा असतो. तो गुणक गव्हाला लावल्यास हाच माल १२७ टन दिसतो. नऊ टन गहू कागदावरच नाहीसा होतो आणि प्रतिटन दर १५ डॉलरहून अधिक फुगतो. पडताळा सोपा आहे : एकूण बुशेलांना टनांनी भागावे. उत्तर ३६.७४ आले तर हिशेब बरोबर, ३९.३७ आले तर मक्याचा गुणक वापरला गेला, असे समजावे.