बंदची सूचना लिहिताना घड्याळ वापरणाऱ्याचे हवे

‘देखभालीच्या कामामुळे शनिवारी रात्री 12 ते 3 या वेळेत आमची सेवा काही काळ उपलब्ध नसेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ अशी सूचना आपल्यापैकी प्रत्येकाने वाचलेली आहे. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती कधी ना कधी लिहिलेलीही असेल. अशा सूचना लिहिण्या-तपासण्याच्या अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे. सूचना बिघडते ती तंत्रज्ञानाच्या अडचणीमुळे नव्हे, तर ती सर्व्हरच्या बाजूने लिहिली जाते म्हणून. ती वाचणाऱ्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: माझे काम आधी उरकून घेऊ की नंतर करू, आणि नंतर म्हणजे किती वाजता? वरच्या सूचनेतून यातले काहीच ठरवता येत नाही.

सुरुवात वेळेपासून करू. ‘शनिवारी रात्री 12’ ही शुक्रवार संपतानाची मध्यरात्र की शनिवार संपतानाची? संगणकाच्या हिशेबाने शनिवार 00:00 वाजता सुरू होतो, पण आपण बोलताना जेवून झोपेपर्यंतची आणि पुढे उजाडेपर्यंतची रात्र शनिवारचीच धरतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि त्यांच्यात पूर्ण 24 तासांचे अंतर पडते. रिझर्व्ह बँकेने 2021 साली आरटीजीएसच्या तांत्रिक सुधारणेची जी सूचना काढली, ती या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. 17 एप्रिलचे कामकाज संपल्यावर हे काम होईल आणि रविवार, 18 एप्रिल रोजी 00:00 ते 14:00 या वेळेत आरटीजीएस बंद राहील, असे त्यात होते. वार, तारीख आणि 24 तासांचे घड्याळ एकत्र आल्यावर दुसरा अर्थ काढायला जागाच उरत नाही. पुढच्याच महिन्यात एनईएफटीसाठी अशी सूचना निघाली, तेव्हा वेळ 23 मे रोजी 00:01 पासूनची दिली होती. एका मिनिटाच्या या फरकाने मध्यरात्रीचा उरलासुरला गोंधळही मिटतो. त्यामुळे माझा आग्रह असा, की सुरुवातीची किंवा शेवटची वेळ नेमकी 12 कधीच ठेवू नये. 11:30 ठेवा, 12:01 ठेवा, आणि दोन्ही टोकांना वार व तारीख लिहा.

दुसरा प्रश्न, काय बंद राहील? रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएसबद्दलच्या सूचनेत एनईएफटी नेहमीप्रमाणे चालू राहील हेही सांगितले होते. सूचनेतले सर्वांत उपयोगी वाक्य बहुधा हेच असते, आणि नेमके तेच गाळले जाते. ‘डेटाबेस अद्ययावत होत असल्याने काही सुविधांवर परिणाम होईल’ हे वाचून कोणाला काय कळणार? माणूस डेटाबेस वापरत नाही, तो पैसे पाठवतो, पावती काढतो, शिल्लक पाहतो. म्हणून यादी कामांची करावी, आणि सर्वांत जास्त काळजी अर्धवट चालणाऱ्या कामांची घ्यावी. शिल्लक दिसणार असेल, पण ती काम सुरू होण्यापूर्वीची असेल, तर ते स्पष्ट लिहायला हवे. नाहीतर खात्यात पैसे आले नाहीत असे समजून कोणीतरी पाठवणाऱ्याला दुसऱ्यांदा पाठवायला सांगतो.

तिसरा आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे सेवा परत कधी सुरू होणार. इथे एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, एका पतसंस्थेच्या मोबाइल ॲपचा डेटाबेस बदलायचा आहे आणि शनिवार, 13 जून 2026 रोजी रात्री 11:30 ला नवे व्यवहार थांबवायचे आहेत. सुरू असलेले व्यवहार पूर्ण व्हायला 15 मिनिटे, बॅकअपला 40 मिनिटे, प्रत्यक्ष बदलाला 70 मिनिटे आणि तपासणीला 30 मिनिटे, असे रंगीत तालमीत दिसले आहे. बेरीज केली की रात्रीचे 2:05 होतात. बहुतेक ठिकाणी सूचनेत ‘2 वाजेपर्यंत’ असे लिहून मोकळे होतात. पण तपासणीत चूक सापडली तर? जुनी प्रत परत बसवायला 60 मिनिटे आणि ती तपासायला 15 मिनिटे लागतात, म्हणजे 3:20. काम फसले तरी सेवा ज्या वेळेला नक्की सुरू असेल, तीच वेळ लोकांना सांगायची असते. म्हणून सूचनेत रविवार, 14 जून, पहाटे 3:30 लिहायचे. चमूने मात्र आपल्यासाठी आणखी एक वेळ ठरवून ठेवायची: 2:05 ला तपासणी पूर्ण नसेल, तर ‘अजून पाच मिनिटं’ न म्हणता मागे फिरायचे. हा बिंदू आधी ठरलेला नसला की माणसे दुरुस्तीत गुंततात आणि जाहीर केलेली वेळ उलटून जाते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. जास्त वेळ सांगितली तर लोक घाबरतील, शिवाय काम लवकर झाले तर उगाच सेवा बंद ठेवल्यासारखे दिसेल. मला तो पटत नाही. 3:30 सांगून 2:05 ला सेवा सुरू झाली तर कोणाचेच नुकसान होत नाही. 2 सांगून 3:20 झाले, तर पहाटे माल उचलायला निघालेला व्यापारी पैसे न देता अडकतो. मात्र या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे. भीतीपोटी ‘सकाळी 10 पर्यंत’ लिहिणे हीही फसवणूकच आहे, कारण मग पुढच्या वेळी तुमच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही. वेळ तालमीतून यावी, अंदाजातून नाही.

‘रात्री कोण वापरतं?’ हा दुसरा आक्षेप. 13 जूनला भारतात रात्रीचे 11:30 वाजतात, तेव्हा न्यू जर्सीत शनिवार दुपारचे 2 वाजलेले असतात. तिथला मराठी मुलगा आईवडिलांच्या खात्याची कामे नेमकी तेव्हाच करत बसलेला असू शकतो. तेव्हा ‘भारतीय प्रमाणवेळ’ हे शब्द लिहायचेच. अमेरिकेत हिवाळ्यात घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे जुनी सूचना उचलून तिथली वेळ तशीच ठेवणेही चालत नाही.

सूचना फक्त ॲपमध्ये लावणे पुरेसे नाही, कारण ॲप बंद असताना ती दिसणार कशी? आधी एसएमएस जावा, आणि बंदच्या काळात येणाऱ्याला वेगळ्या सर्व्हरवरचे पान दिसावे. त्या पानासोबत सर्व्हरने दिलेले उत्तरही खरे असावे:

```
HTTP/1.1 503 Service Unavailable
Retry-After: 1800
```

याचा अर्थ, सेवा तात्पुरती बंद आहे, 1800 सेकंदांनी पुन्हा विचारा. इथे चुकून 200 पाठवले, तर विचारणाऱ्या यंत्रणांना सगळे सुरळीत वाटते आणि बंदचे पान खरी माहिती समजून साठवले जाते.

एवढे करूनही वेळ हुकू शकते. तेव्हा 3:30 उलटायची वाट पाहू नये. ती पाळता येणार नाही हे कळताक्षणी नवी वेळ जाहीर करावी, आणि नवी वेळ माहीत नसेल तर पुढची माहिती किती वाजता देऊ ते सांगावे.

आमच्या उदाहरणातली सूचना मग अशी होते: ‘शनिवार, 13 जून रात्री 11:30 ते रविवार, 14 जून पहाटे 3:30 (भारतीय प्रमाणवेळ) पैसे पाठवणे व हप्ता भरणे बंद राहील. शिल्लक दिसेल, ती शनिवारी रात्री 11:30 ची असेल. 11:30 पूर्वी केलेला व्यवहार अपूर्ण दिसल्यास पुन्हा करू नका, पहाटे 3:30 नंतर तपासा.’ पुढची सूचना पाठवण्यापूर्वी ती कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या, आणि पैसे किती वाजता पाठवता येतील एवढेच विचारा. उत्तर द्यायला त्याला थांबावे लागले, तर सूचना पुन्हा लिहा.