अप्पांजवळ बसण्याचे पैसे

जुने पनवेल

चि. सौ. भाचीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. नव्या ताईंना महिना 12 हजार ठरवतेस, ठीक आहे ना, असं तू विचारलंस. माझ्या मते ते कमी आहेत. नुसतं कमी म्हणून सोडलं तर तुझ्या हाती काही लागणार नाही, म्हणून हिशेब करूनच लिहिते. तळोज्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसात 24 वर्षं मी हजेरीपट आणि पगारपत्रकं केली. माणसाचे तास मोजायची सवय अजून सुटलेली नाही.

आधी तुझे 12 हजार कसे झाले ते बघू. तुमच्या इमारतीतले दर तूच लिहिलेस. भांडी 1,200, केर-लादी 1,300, कपडे वाळत घालून घड्या करायचे 700, चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक 5,000. हे झाले 8,200. त्यात 'अप्पांकडे बघायचे' म्हणून 3,800 घालून तू गोळाबेरीज केलीस. बहुतेक घरांत असंच होतं. ज्या कामाचा दर ठाऊक असतो तो लिहितात आणि म्हातारं माणूस सांभाळायचं काम उरलेल्या जागेत बसवतात.

आता तेच तासांत मांड. स्वयंपाकाला अडीच तास, भांड्यांना पाऊण, केर-लादीला पाऊण, कपड्यांना अर्धा. एकूण साडेचार. ताई सकाळी आठला येणार आणि तू ऑफिसातून आल्यावर सहाला जाणार, म्हणजे दहा तास. उरले साडेपाच तास, आणि ते सगळे अप्पांचे. महिन्याचे 26 दिवस धर, कारण रविवारी सुट्टी. घरकामाचे तास होतात 117 आणि 8,200 ला त्यांनी भागलं की तासाला 70 रुपये येतात. अप्पांचे तास होतात 143. 3,800 ला 143 नी भाग. तासाला साडेसव्वीस रुपये.

कढई घासायला तासाचे सत्तर आणि पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी पडलेल्या 81 वर्षांच्या माणसाला न्हाणीघरात सांभाळून नेण्याचे साडेसव्वीस. तू मनाची कोती नाहीस, मला ठाऊक आहे. हे तास तू मोजलेच नव्हतेस, एवढंच.

तू म्हणशील, अप्पा दुपारी एक ते तीन झोपतात, तेव्हा ताई मोकळ्याच असतात. पण त्या वेळात त्या बाजारात जाऊ शकतात का? मुलीच्या शाळेत जाऊ शकतात का? अप्पांनी हाक मारली आणि त्या नसल्या तर काय होईल, हे तुलाच जास्त माहीत आहे. चैत्रात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ते पडले तेव्हा घरात माणूस होतं, फक्त गच्चीवर कपडे घालायला गेलं होतं. आमच्या फाटकावरच्या रखवालदाराची रात्र कधी कधी काहीच न घडता जायची, तरी हजेरीपटावर त्याची पाळी पूर्ण लागायची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 2011 साली 189 क्रमांकाचा करार केला, त्यातही ही गोष्ट आली आहे. ज्या वेळात बाई आपल्या मर्जीने कुठे जाऊ शकत नाही आणि घराच्या हाकेला बांधलेली असते, तो वेळ त्या त्या देशाच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत कामाचा धरावा, असं त्यात म्हटलं आहे. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. पण बांधलेला वेळ आणि मोकळा वेळ यांतला फरक कळायला करार लागत नाही.

तेव्हा सगळ्या तासांना एकच दर लाव. दहा तास, 26 दिवस, तासाला 70. होतात 18,200. आठ तासांच्या वरचे दोन तास कारखान्याप्रमाणे दुप्पट धरले तर आकडा 21,840 वर जाईल. तेवढ्याचा आग्रह मी धरत नाही, पण दहा तासांचा दिवस लांबच असतो हे लक्षात राहू दे.

हा आकडा दुसऱ्या बाजूनेही तपासून बघ. ताई आधी विचुंब्यातून येऊन चार घरं करायच्या. सकाळी सातला निघून दीडपर्यंत मोकळ्या. प्रत्यक्ष काम साडेपाच तास आणि चार घरांचे मिळून 11 हजार, असं त्यांनीच तुला सांगितलं. ती घरं सोडून त्या तुझ्याकडे आल्या. म्हणजे 12 हजार देऊन तू त्यांना साडेचार तास जास्त अडकवणार आणि त्यांच्या हातात हजार रुपये जास्त पडणार. शेअर रिक्षाला जायला-यायला रोज 40 रुपये लागतात. ते आधीही लागत होते म्हणून हिशेबात धरले नाहीत, पण दुपारी घरी पोचून मुलीचं जेवण-अभ्यास बघायच्या, ते आता होणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. चार घरांपैकी एक सुटलं तर तीन राहतात. तुझ्याकडे त्यांचं सगळं एका घरावर आणि खरं सांगायचं तर एका म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीवर उभं राहणार आहे. अप्पा महिनाभर दवाखान्यात राहिले तर तू त्यांना 'सध्या येऊ नका' म्हणशील का? आणि अप्पा गेले तर?

हे मी करून बसले आहे. तुझी आजी अंथरुणाला होती तेव्हा कामाला येणाऱ्या बाईंनी तीन वर्षं तिचं सगळं केलं. आमच्यासाठी त्यांनी तीन घरं सोडली होती. आई गेली आणि तेराव्याच्या दिवशी मी त्यांचा महिन्याचा पगार दिवस मोजून चुकता केला आणि उद्यापासून नको म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. जुनी घरं एव्हाना दुसऱ्यांनी धरलेली होती. पुन्हा तेवढी कामं मिळायला त्यांना पाच महिने लागले, हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. आईच्या पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती त्यांनी. रात्री अजून ते आठवतं.

म्हणून पगार ठरवतानाच हे लिहून ठेव. अप्पा दवाखान्यात असले तरी पगार चालू राहील. हवं तर ताई डबा करतील, दवाखान्यात दुपारी बसतील. आणि कोणत्याही कारणाने काम संपलं तर पूर्ण एक महिन्याचा पगार, अधिक झालेले दिवस. ही रक्कम आत्तापासून दर महिन्याला थोडी बाजूला टाकत गेलीस तर त्या दिवशी जड जाणार नाही.

सुट्टीचं सोपं आहे. रविवार सोडून महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार. हे कुणी दयेने दिलेलं नाही. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हाच्या मागण्यांमध्ये भरपगारी सुट्टीही होती. खाडा कापायची वेळ आली आणि रविवारी बोलवायची वेळ आली, तर दोन्हींना भागाकार एकच ठेव, 26 चा. 18,200 चे दिवसाला 700 येतात. कापताना 26 आणि देताना 30 असं करणारे हिशेब मी पाहिले आहेत.

सरकारी आकडा विचारलास. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तो नोंदणी आणि मदतीचा आहे. पगाराचा दर त्यात नाही. नोंदणी 18 ते 60 वयाच्या घरकामगारांची होते. ताई मालकाचा दाखला मागतील तर त्याच दिवशी सही कर. तळाचा अंदाज हवा असेल तर दुकानं-आस्थापनांतल्या अकुशल कामगाराचं किमान वेतन बघ. त्यातला विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. ते वेतन आठ तासांच्या दिवसाचा तळ समज, तुमच्या दहा तासांचा नव्हे.

आता अडचण तुझ्या खिशाची. 18,200 झेपत नाहीत असं तू म्हणशील आणि ते खोटं नाही, घराचा हप्ता मला माहीत आहे. अशा वेळी दर कमी करू नकोस, तास कमी कर. सकाळी आठ ते चार केलंस तर त्याच दराने 14,560 होतात. चार ते सहा घरात कोण असेल, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. तू आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतेस, ते दोन निघाले. मंगळवारी आणि गुरुवारी मी येते. उरले दोन दिवस, ते जावयांकडे. जमलं नाही तर फक्त त्या दोन दिवसांचे जादा तास ताईंना 70 ने दे. लादी दुसऱ्या बाईंकडे देऊन पैसे वाचवायला जाऊ नकोस. ताईंना अप्पांसाठी थांबावं लागणारच आहे, त्यामुळे त्यांचा तास कमी होत नाही आणि लादीचे पैसे वर जातात.

हे तास मी तुझ्या पत्रावरून धरले आहेत, ते चुकलेले असू शकतात. म्हणून पहिला आठवडा एक वही स्वयंपाकघरात ठेव. ताई किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, अप्पांसाठी किती वेळा उठावं लागलं, हे दोघींनी मिळून लिहा. भात शिजत असताना अप्पांना लघवीचं भांडं द्यायला गेलेला वेळ आपल्या नजरेत येत नाही, वहीत येतो. त्यांना लिहायचा कंटाळा असेल तर संध्याकाळी त्यांनी सांगावं आणि तू लिहावंस.

आणि त्या 'ताई, तुम्ही द्याल ते' म्हणाल्या, म्हणून ठरलं असं समजू नकोस. हातातली चार घरं सोडून आलेली बाई पहिल्याच दिवशी दुसरं काय म्हणणार? त्यांना समोर बसव, चहा घ्या, आणि हा हिशेब मोठ्याने वाच. मग विचार की यात काय राहिलं. मला वाटतं त्या अप्पांना उचलण्याबद्दल बोलतील. आज अप्पा वॉकर धरून चालतात. उद्या अंथरुणाला खिळले तर दर दोन तासांनी कूस बदलायला लागेल आणि ते एकट्या बाईचं काम नाही. त्या दिवशी पगार आणि काम दोन्ही नव्याने ठरवू, स्वयंपाक दुसरीकडे देऊ, हे आजच कबूल कर. इन्सुलिनचं इंजेक्शन, लघवीची नळी ही नर्सची कामं आहेत, ती त्यांच्यावर टाकू नकोस.

पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यात, महिन्याच्या 1 तारखेला. वाढ दर वर्षी याच महिन्यात. जेवण, चहा आणि सणाची साडी पगारात मोजायची नाही.

मंगळवारी चारला येते. अप्पांना सांग, पत्त्यांचा कॅट घेऊन येते आणि डाव्या हाताने पानं पिसायला त्यांना शिकवते. वहीचं पहिलं पान तेव्हा बघू.

तुझी,
मावशी